नकाशावर उघडं, दाराला कुलूप

समजा, पुण्यात एक जुनं मिठाईचं दुकान आहे. पाडव्याला मालकांनी दुपारी एकलाच शटर ओढलं. गूगल मॅप्सवर मात्र रात्री साडेआठपर्यंत ‘उघडं’. कोथरूडहून रिक्षा करून आलेलं गिऱ्हाईक कुलूप बघून परत गेलं आणि तिथूनच एक तारा देऊन मोकळं झालं : ‘उघडं दाखवतात, आलो तर बंद.’

चूक नेमकी कुठे झाली? मालकांनी दुकानाच्या प्रोफाइलवर ‘पाडव्याला अर्धा दिवस’ अशी पोस्ट आदल्या दिवशीच टाकली होती. पण पोस्ट ही दुकानाबाहेर लावलेल्या पाटीसारखी असते. तिच्यामुळे नकाशावरची वेळ बदलत नाही. वेळ वेगळ्या जागी बदलावी लागते. दुकानाच्या खात्यातून Edit profile मध्ये Hours उघडलं, की रोजच्या वेळांखेरीज ठरावीक तारखांसाठी विशेष वेळा भरता येतात. तारीख निवडून ‘सकाळी ८ ते दुपारी १’ लिहिलं, की तेवढ्या दिवसापुरतीच ती वेळ दिसते आणि दुसऱ्या दिवशी नेहमीची वेळ आपोआप परत येते. कालनिर्णय समोर ठेवून वर्षभराच्या सुट्ट्या एका बैठकीत भरता येतात. रोज दुपारी एक ते चार दुकान बंद असेल, तर रोजच्या वेळांमध्येच सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग करावेत.

पोस्टचा उपयोग निराळा. ‘उकडीचे मोदक, मागणी दोन दिवस आधी नोंदवा’ हे सांगायला ती उत्तम. आता पोस्ट आधी लिहून ठेवून तिची तारीख-वेळही ठरवता येते. सवलतीच्या पोस्टला शेवटची तारीख द्यावीच लागते, त्यामुळे संपलेली सवलत मागायला कोणी येत नाही.

आता त्या एका ताऱ्याकडे येऊ. मालकांना तो महिनाभर कळलाच नाही, कारण प्रोफाइल भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून उघडलं होतं आणि अभिप्रायाच्या सूचना त्याच्याकडे बंगळूरला जात होत्या. यावर उपाय म्हणजे भाच्याने People and access मध्ये मामांचा ईमेल मालक म्हणून जोडावा आणि मामांनी आपल्या खात्यातून Notifications मध्ये अभिप्रायाची सूचना चालू करावी. सूचना ज्याच्या त्याच्या खात्यावर येतात. त्या चालू आहेत की नाही हे तपासायचं, तर पुढचा नवा अभिप्राय आल्यावर मामांच्या फोनवर ईमेल येतो का ते बघावं.

तो अभिप्राय काढून टाका, अशी तक्रार करून उपयोग नाही. शिवीगाळ, जाहिरातबाजी किंवा बनावट मजकूर असा नियमभंग असेल तरच गूगल अभिप्राय हटवतं. खरा आलेला वाईट अनुभव तसाच राहतो. तिथे सरळ उत्तर द्यावं : ‘पाडव्याची वेळ आम्ही बदलली नव्हती, चूक आमची. आता दुरुस्त केली आहे.’ हे उत्तर सर्वांना दिसतं, लिहिणाऱ्यालाही त्याची सूचना जाते, आणि त्याला वाटलं तर तो आपला अभिप्राय बदलू शकतो.