अ‍ॅप काढलं, पैसे मात्र कापलेच

फोनवरचं अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे त्याची वर्गणीही थांबली, असं समजणारे लोक आजही भरपूर आहेत. अ‍ॅप काढल्याने फोनमधली जागा मोकळी होते, एवढंच. पैशांचा व्यवहार त्या अ‍ॅपमध्ये नसतोच मुळी, तो दुसरीकडे नोंदलेला असतो. तो थांबवायचा तर ‘पॉज’, ‘कॅन्सल’ आणि ‘डिलीट’ ही तीन बटणं समोर येतात. तिन्ही ऐकायला एकाच कुळातली वाटतात, पण पुढच्या महिन्याच्या बिलावर तिघांचा परिणाम अगदी वेगळा होतो.

एक उदाहरण धरून चालू. एका ताईंनी इंग्रजी संभाषण शिकवणारं एक अ‍ॅप गुगल प्लेवरून घेतलं, महिन्याला 299 रुपयांनी. पहिले पैसे 12 मे रोजी गेले. पैसे यूपीआय ऑटोपेने कापले जातात. 3 जूनला त्यांच्या लक्षात आलं की मुलांच्या शाळा सुरू होतायत, आता महिनाभर तरी अभ्यासाला वेळ मिळायचा नाही.

इथे एकाच गोष्टीच्या तीन नोंदी तीन ठिकाणी आहेत. अ‍ॅपवाल्या कंपनीकडे ताईंचं खातं आहे: नाव, ईमेल, किती धडे झाले, किती गुण मिळाले. गुगल प्लेकडे त्यांचं सबस्क्रिप्शन आहे: दर महिन्याला किती आणि कोणत्या तारखेला घ्यायचे. आणि बँकेकडे, यूपीआयमार्फत, ताईंनी दिलेली परवानगी आहे: या व्यापाऱ्याने मागितले की पिन न विचारता द्या. कोणतं बटण यातल्या कोणत्या नोंदीला हात लावतं, हे कळलं की गोंधळ बराचसा संपतो.

आधी पॉज. गावाला जाताना पेपरवाल्याला ‘महिनाभर टाकू नका’ सांगतो, तसा हा प्रकार. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवायचं, मग ‘Payments & subscriptions’ आणि त्यात ‘Subscriptions’. तिथे त्या अ‍ॅपच्या नावाखाली, अ‍ॅपवाल्याने सोय ठेवली असेल तर, पैसे थांबवण्याचा पर्याय दिसतो. सोय ठेवायची की नाही हे अ‍ॅपवाला ठरवतो, म्हणून ती सगळीकडे दिसत नाही. वार्षिक वर्गणीला ती मिळतच नाही. थांबण्याची मुदतही आपल्या मनासारखी नसते, वर्गणीच्या प्रकाराप्रमाणे आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंतचे ठरलेले पर्याय असतात.

ताईंनी 3 जूनला एक महिन्याचा पॉज निवडला, तर तो त्याच दिवशी लागू होत नाही. 12 जूनपर्यंतचे पैसे भरलेले आहेत, तोवर अ‍ॅप चालतं. 12 जूनला पैसे जात नाहीत आणि धडे बंद होतात. 12 जुलैला मात्र वर्गणी आपली आपण पुन्हा सुरू होते आणि 299 रुपये कापले जातात. तुम्ही परत यायचं ठरवलंय का, असं तेव्हा कुणी विचारत नाही, कारण पॉज करतानाच तुम्ही परत येण्याला होकार दिलेला असतो. ताईंनी मध्येच, समजा 25 जूनला, पुन्हा सुरू केलं तर पैसे त्याच दिवशी जातात आणि पुढची तारीख 12 नाही, 25 होते. तारीख अशी सरकल्यावर ‘या महिन्यात दोनदा कापले’ असा समज होऊ शकतो. म्हणून बँकेच्या नोंदीतल्या तारखा एकदा शेजारी ठेवून पाहाव्यात.

पॉजचा खरा सापळा आणखी एका जागी आहे. ‘कॅन्सल’ दाबलं की वाटेत पॉजचाही पर्याय पुढे केला जातो. घाईत माणूस तोच दाबतो आणि वर्गणी बंद केल्याच्या समाधानात राहतो. एक-दोन महिन्यांनी पैसे जातात तेव्हा चूक कुणाची, हा वाद घालून उपयोग नसतो.

आता कॅन्सल. ताईंनी 3 जूनला रद्द केलं तरी 12 जूनपर्यंत अ‍ॅप चालूच राहतं. पुढचे पैसे जात नाहीत, ना जूनमध्ये, ना जुलैमध्ये. भरलेल्या महिन्यातले उरलेले नऊ दिवसही वाया जात नाहीत. तेव्हा नको असलेली वर्गणी शेवटच्या तारखेपर्यंत ताणण्यात काहीच कमाई नाही. आज रद्द करा, वापर मुदतीपर्यंत होतोच. याला अपवाद आहेत: काही फुकट चाचण्या रद्द करताच तिथल्या तिथे संपतात, अ‍ॅपलच्या स्वतःच्या सेवांच्या काही चाचण्या अशा आहेत. रद्द करण्याआधी पडद्यावर जी ओळ येते तिच्यात हे लिहिलेलं असतं, ती वाचावी.

रद्द झालं की नाही हे ओळखायचं कसं? ‘आम्हाला वाईट वाटतंय’ असा ईमेल आला म्हणजे झालंच असं नाही. आयफोनवर ‘Settings’मध्ये आपल्या नावावर बोट ठेवून ‘Subscriptions’ उघडा. तिथे आधी नूतनीकरणाची तारीख असते, रद्द झाल्यावर तिच्या जागी मुदत संपण्याची तारीख येते. प्ले स्टोअरमध्ये त्याच नोंदीखाली पुन्हा वर्गणीदार होण्याचं बटण दिसू लागतं. हा बदल डोळ्यांनी पाहून त्याचा स्क्रीनशॉट ठेवला की काम पुरं झालं. ‘तुम्ही का चाललात’ या प्रश्नावलीच्या मधल्याच पडद्यावरून मागे फिरलं, तर रद्द झालेलं नसतं. आणखी एक गोष्ट अशी की जुन्या स्वस्त दराने घेतलेली वर्गणी रद्द केली, तर परत येताना त्या दिवशीचा दर भरावा लागतो.

रद्द केल्याने खातं जात नाही. ताईंचे झालेले धडे, गुण, ईमेल सगळं कंपनीकडे तसंच राहतं. नेटफ्लिक्स रद्द केल्यावर आपण काय पाहिलं याची नोंद 10 महिने ठेवते, ती याच कारणासाठी: तेवढ्या काळात गिऱ्हाईक परत आलं तर सगळं जागच्या जागी सापडावं. ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्याला ही सोय आहे. ज्याला स्वतःची माहिती तिथून काढून घ्यायची आहे, त्याचं काम मात्र अर्धंच झालेलं असतं.

त्यासाठी डिलीट. आणि सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. खातंच पुसलं म्हटल्यावर पैसे कोण कापणार, असं कुणालाही वाटेल. पण ताईंनी अ‍ॅपमध्ये जाऊन खातं डिलीट केलं, तर कंपनीकडची नोंद जाते. गुगलकडची वर्गणी कंपनीने स्वतःहून बंद केली तर बंद होते, नाहीतर 12 जूनला 299 रुपये जातात, आणि यावेळी ज्या खात्यात शिकायचं ते खातंच उरलेलं नसतं. अ‍ॅपलने 30 जून 2022 पासून, खातं उघडू देणाऱ्या अ‍ॅप्सना ते अ‍ॅपमधूनच मिटवण्याचीही सोय देणं सक्तीचं केलं. पण अ‍ॅपलमार्फत घेतलेली वर्गणी आपण रद्द करेपर्यंत चालूच राहते, हे गिऱ्हाइकाला सांगा, असंही विकासकांना बजावलं. वर्गणी थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतली असेल, तर खातं पुसताना बहुधा वर्गणीही जाते. काही कंपन्या तर आधी वर्गणी रद्द केल्याशिवाय खातं पुसूच देत नाहीत. माझ्या मते हीच पद्धत बरी.

म्हणून क्रम एकच: आधी वर्गणी रद्द, मग पावत्या उतरवून घेणं, मुदत संपल्यावर खातं डिलीट, आणि सगळ्यात शेवटी फोनमधून अ‍ॅप काढणं. आपण हे नेमकं उलट्या बाजूने करतो. ज्या गुगल किंवा अ‍ॅपल खात्यावरून वर्गणी घेतली तेच खातं पुसणं तर आणखी वाईट, कारण वर्गणी जिथून रद्द करायची तो पडदाच हातचा जातो.

राहिली तिसरी नोंद, बँकेकडची परवानगी. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचा भाग उघडला की आपण कुणाकुणाला परवानगी दिली आहे ती यादी दिसते. एक-दोन रुपयांच्या ‘चाचणी’साठी दिलेल्या परवानग्याही तिथेच सापडतात. शेजारी ‘अमुक रुपयांपर्यंत’ असा आकडा असतो. ती कमाल मर्यादा आहे, दर महिन्याची रक्कम नव्हे. ही परवानगीही थांबवता येते किंवा कायमची काढून घेता येते, आणि त्याने पैसे जाणं खात्रीने थांबतं. पण वर्गणी कागदोपत्री चालूच असते. गुगल पैसे मागतं, बँक नाही म्हणते, काही दिवस पुन्हा मागणी होत राहते, मग वर्गणी अडकवून ठेवली जाते आणि शेवटी रद्द होते. मधल्या काळात नवी पैसे देण्याची पद्धत जोडली, तर ती पुन्हा उभी राहते. 299 रुपयांच्या अ‍ॅपबाबत हे खपून जातं. विम्याचा हप्ता किंवा वापरून झालेल्या सेवेचं बिल याच परवानगीवर असेल, तर परवानगी काढल्याने देणं संपत नाही. पॉलिसी बंद पडते किंवा दंड लागतो.

अशा स्वयंचलित कापणीच्या किमान 24 तास आधी रक्कम आणि व्यापाऱ्याचं नाव सांगणारी सूचना मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बहुतेक वर्गण्यांमध्ये 15,000 रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न विचारता जाऊ शकते, म्हणून त्या सूचनेला महत्त्व आहे. पण तिच्या भरवशावर बसू नये. अ‍ॅपलकडची वर्गणी किंवा चाचणी संपण्याच्या किमान एक दिवस आधी रद्द करावी लागते. सूचना नेमकी 24 तास आधी आली, तर ती वाचेपर्यंत रद्द करण्याची वेळ टळलेली असू शकते. तारखेच्या दोन-तीन दिवस आधी रद्द करणं शहाणपणाचं.

रद्द करण्याचं बटण लपवून ठेवणं, वाट मुद्दाम अवघड करणं, फुकट सेवेसाठीही कार्ड किंवा ऑटोपे मागणं, या प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सबस्क्रिप्शनचा सापळा म्हणून निषिद्ध ठरवलं आहे. तुम्हाला असा अनुभव आला तर रद्द केल्याचा स्क्रीनशॉट आणि पैसे कापल्याचा एसएमएस हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.