पहिल्या नमुन्याचा दिवस

सकाळी साडेसहा. वारंगा फाट्यावर ट्रकांची रांग लागायच्या आत गोदामाचं शटर वर जातं. शिजवून, वाळवून, पॉलिश करून ठेवलेल्या हळकुंडांची ५० किलोची २० पोती, म्हणजे एक टन. रॉटरडॅमच्या एका छोट्या मसाला आयातदाराला पहिला नमुना पाठवायचा आहे. नामाआबा वरच्या पोत्यातली लांबसडक, सोनेरी हळकुंडं निवडू लागतात.

“आबा, वरचीच नका काढू. खालच्याबी पोत्यांतली घ्या.”

“नमुना चांगला दिसाया नको का?”

दिसावा, पण माल तसाच यायला हवा. निवडून काढलेला नमुना पसंत पडला, तर खरी पंचाईत पुढे होते. कंटेनर उघडल्यावर बारीक कांड्या निघाल्या की भाव पाडायला निमित्त मिळतं. म्हणून प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि खालून मूठ-मूठ घेऊन ताडपत्रीवर ढीग करायचा, कालवायचा आणि त्याचे तीन वाटे पाडायचे: एक खरेदीदाराला, एक प्रयोगशाळेला, एक सीलबंद आपल्याकडे. तिन्हींवर एकच लॉट क्रमांक आणि तारीख. उद्या वाद झालाच तर आपल्याकडचा हा तिसरा वाटा बोलतो.

नऊ वाजता हळकुंड मोडून पाहिलं. कडकन आवाज आला, म्हणजे वाळलं आहे. तरी ओलावा मीटरवर मोजलाच, साडेनऊ टक्के भरला. ओलावा १० टक्क्यांच्या वर गेला की जहाजाच्या दमट प्रवासात बुरशी धरते. बुरशीतून होणाऱ्या अफलाटॉक्सिन बी-१ ला युरोपात हळदीसाठी किलोला ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. शिसं १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पॉलिश करताना रंग मारलेली हळद इथेच पकडली जाते.

साडेअकराला कोटेशन मांडायला घेतलं. हळद १४० रुपये किलो धरली, तर निवडीतली घट धरून १४६ पडते. निवड-मजुरी आणि पोती ६, तपासणी १२, न्हावा शेवापर्यंत ट्रक ९, बंदर आणि क्लिअरिंग २५, बँक ३, आपला नफा १२. एकूण २१३ रुपये. डॉलर ८५ धरला तर अडीच डॉलर. हाच हिशेब दहा टनांवर मांडला की तपासणी आणि बंदराचा खर्च वाटला जातो आणि भाव २.१० च्या आसपास येतो. म्हणून दोन्ही आकडे लिहायचे. एका टनाचा भाव महाग का, हे खरेदीदाराला न सांगता कळतं. मुदत सातच दिवसांची, कारण हिंगोलीच्या बाजारात भाव आठवड्यात हलतो.

आयात-निर्यात कोड आणि स्पाइसेस बोर्डाची नोंदणी जोडली. पाकिटावर ‘वसमत हळद’ छापता येईल का, असं त्यानं आधीच विचारलंय. भौगोलिक मानांकन २०२४ मध्ये मिळालं खरं, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद होईपर्यंत ते नाव छापायचं नाही, हेही लिहिलं.

दुपारी दोन. तिकडे साडेदहा. फोनवर त्यानं भावाबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं एवढंच: शेतात फवारणी कशाची झाली?

आबांनी वही आणली. १४ पोती त्यांच्या शेतातली, ६ त्यांच्या पुतण्याची. पुतण्यानं कंदमाशीसाठी क्लोरपायरीफॉसची आळवणी केली होती. युरोपीय संघानं २०२० पासून ते बंद केलंय आणि अवशेषांची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कमी ठेवली आहे. ती सहा पोती बाजारात खपतील, या लॉटमध्ये नाही.

कुरिअरची गाडी पाचला आली आणि रिकामी परत गेली. सकाळचे तिन्ही वाटे आता दुसऱ्याच मालाचे झाले होते. सहा पोती बाजूला काढली. १४ पोत्यांवर नवा लॉट क्रमांक पडला. नमुना उद्या सकाळी पुन्हा काढायचा.

संध्याकाळी खरेदीदाराचीही चौकशी केली. डच व्यापार नोंदवहीत त्याच्या कंपनीचा क्रमांक आणि पत्ता जुळला. ३० टक्के रक्कम आगाऊ, बाकीची बिल ऑफ लेडिंगची प्रत पाहिल्यावर, मूळ कागद पैसे जमा झाल्यावरच. पतपत्र इतक्या छोट्या सौद्याला परवडत नाही, बँकेचं शुल्कच नफा खाऊन टाकतं.

रात्री नऊला मेल लिहिली: एक टनाऐवजी ७०० किलो, कारण सहा पोत्यांत तुमच्याकडे न चालणारं औषध वापरलेलं आहे. तपासणीचा खर्च तेवढाच राहणार, ट्रक आणि बंदराचाही फारसा उतरणार नाही, त्यामुळे किलोमागे दर वाढेल. नवा आकडा उद्या. नमुना एक दिवस उशिरा निघेल, सोबत वहीच्या पानाचा फोटो आहे.

साडेनऊला एका ओळीचं उत्तर आलं: पुढच्या हंगामात आबांचं किती क्षेत्र आहे?