डाय कुठवर चढला, कप किती फुगले?

चार वर्षांची एक मुलगी समजा. वर्षभरात दोनदा थंडी वाजून ताप आला आणि दोन्ही वेळा लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले. सोनोग्राफीत डावी किडनी आतून किंचित भरलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, संसर्ग बरा होऊ द्या, मग एमसीयू करू. आठवड्याभरात आईच्या हातात रिपोर्ट आला: ‘व्हीयूआर, डावीकडे ग्रेड ३, उजवीकडे ग्रेड १.’ हे आकडे कशावरून ठरले, हे मात्र कोणी सांगितले नाही.

किडनीतून लघवी एका बारीक नळीने, म्हणजे युरेटरने, मूत्राशयात उतरते. ही नळी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ घुसत नाही. भिंतीच्या आतून तिरपी सरकत मग उघडते. मूत्राशय भरले की हा तिरपा भाग दाबला जातो आणि लघवीचा परतीचा रस्ता बंद होतो. तो पुरेसा लांब असावा लागतो, साधारण नळीच्या रुंदीच्या पाचपट. काही मुलांत तो जन्मतःच आखूड असतो, आणि लघवी उलटी वर चढते. यालाच रिफ्लक्स म्हणतात. मूल वाढते तसा हा भागही लांबतो, म्हणून सौम्य रिफ्लक्स बऱ्याचदा आपोआप थांबतो.

तपासणी करताना लघवीच्या मार्गातून बारीक फीडिंग ट्यूब मूत्राशयात घालतात आणि आयोडीन असलेले औषध, ज्याला सगळे डाय म्हणतात, उंचावर टांगलेल्या बाटलीतून हळूहळू आत सोडतात. पिचकारीने जोर लावून भरायचे नसते. किती भरायचे याचा एक साधा हिशेब आहे: वयात दोन मिळवा आणि तीसने गुणा, उत्तर मिलिलिटरमध्ये. आपल्या मुलीसाठी ४ अधिक २, गुणिले ३०, म्हणजे सुमारे १८० मिलि. तान्ह्या बाळात वजनाच्या किलोला सात मिलि धरतात. भरताना मधूनमधून एक्स-रे घेतात, आणि शेवटी मूल लघवी करत असतानाच सर्वांत महत्त्वाची छायाचित्रे काढतात. मूत्राशय जोराने आकसते ते याच क्षणी. मुलग्यांत याच वेळी मूत्रमार्गाचे बाजूने चित्र घेतात, कारण तिथे जन्मजात पडदा अडथळा करत असेल तर तो इथेच दिसतो.

पूर्वी युरोपात आणि अमेरिकेत प्रतवारीच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या, त्यामुळे एका देशातला ग्रेड ३ दुसरीकडे भलताच काही असे. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी पाच पायऱ्यांची एकच पद्धत ठरली. आपल्याकडचे रिपोर्टही तीच वापरतात.

पहिल्या दोन पायऱ्यांत प्रश्न एवढाच असतो की डाय किती उंच चढला. तो फक्त नळीत राहिला आणि किडनीपर्यंत पोहोचला नाही तर ग्रेड १. किडनीतल्या पोकळीत आणि तिच्या कपांत, म्हणजे कॅलिक्समध्ये, पोहोचला पण काहीच फुगले नाही तर ग्रेड २. इथून पुढे उंची उपयोगाची नाही, कारण डाय वरपर्यंत पोहोचलेलाच असतो. आता पाहायचे ते फुगणे. नळी रुंद झाली का, नागमोडी झाली का, पोकळी ताणली गेली का? आणि खरा निकाल लागतो तो कपांच्या कडांवर.

निरोगी कप डायने भरला की चित्रात चंद्रकोरीसारखा दिसतो. किडनीच्या मांसल भागाचे टोक कपात बाहेरून आत शिरलेले असते, म्हणून मध्ये खळगा पडतो आणि दोन्ही बाजूंना टोकदार कोपरे उरतात. नळी आणि पोकळी थोडी ते मध्यम फुगली, पण कोपरे टोकदार किंवा जेमतेम बोथट असतील तर ग्रेड ३. कोपरे पूर्ण गेले, पण बहुतेक कपांत मधला खळगा अजून ओळखू येतो, तर ग्रेड ४. बहुतेक कपांतला खळगाही नाहीसा झाला, कप गोल फुगले आणि नळी वेटोळी झाली तर ग्रेड ५.

आता मुलीची चित्रे पाहू. ९० मिलि भरल्यावर दोन्ही बाजू स्वच्छ. १५० मिलिला डाव्या नळीत डाय दिसला. तेवढ्यावर थांबलो असतो तर ग्रेड १ लिहिला गेला असता. लघवी करताना मात्र डावीकडे डाय वर धावला, पोकळी माफक ताणली गेली, नळीला एक वाक आला, वरच्या दोन कपांचे कोपरे किंचित बोथट झाले आणि बाकीचे टोकदारच राहिले. म्हणून डावीकडे ग्रेड ३. उजवीकडे डाय नळीच्या खालच्या भागातच घुटमळला, म्हणून ग्रेड १. नियम असा की प्रत्येक बाजू स्वतंत्र मोजायची आणि सर्वांत जास्त रिफ्लक्स ज्या चित्रात दिसतो तेच चित्र धरायचे.

चुका कुठे होतात? मूत्राशय अर्धवट भरून तपासणी आटोपली, किंवा मूल रडत राहिले आणि लघवीच केली नाही, तर रिफ्लक्स असूनही चित्र स्वच्छ येते. अशा रिपोर्टला मी ‘नॉर्मल’ म्हणणार नाही, ‘अपुरी तपासणी’ म्हणेन. पोकळी आधीच साठलेल्या लघवीने भरली असेल तर वर चढलेला डाय पातळ होऊन फिकट दिसतो आणि नजरेतून सुटतो. आतड्यातला वायू नेमका कपांवर आला तर कोपरे दिसत नाहीत. शिवाय युरेटर आकसत-पसरत राहते, म्हणून एकाच चित्रावर तिची रुंदी ठरवणे धोक्याचे.

सगळे नीट झाले तरी दोन अनुभवी रेडिओलॉजिस्ट एकाच चित्राला ग्रेड २ आणि ३, किंवा ३ आणि ४ म्हणू शकतात, कारण ‘किंचित बोथट’ हे शेवटी डोळ्यांनीच ठरते. कधी नळी खूप रुंद असते आणि कप मात्र शाबूत. त्यावर तोड म्हणून अलीकडे काही ठिकाणी मोजमाप करतात: ओटीपोटातल्या युरेटरची सर्वांत मोठी रुंदी भागिले कमरेच्या पहिल्या ते तिसऱ्या मणक्याची लांबी. गुणोत्तर जितके मोठे, तितकी रिफ्लक्स आपोआप थांबण्याची शक्यता कमी.

ग्रेडवरून किडनीला इजा झाली आहे का, हे मात्र कळत नाही. तो व्रण पाहायला डीएमएसए स्कॅन लागतो. ग्रेड ३ असून किडनी निर्दोष असू शकते आणि कमी ग्रेड असूनही व्रण असू शकतो. ग्रेड १ आणि २ बहुधा वयाबरोबर मिटतात, ग्रेड ५ क्वचितच आपणहून जातो. मधल्यांचे वय, संसर्गाची वारंवारता आणि बद्धकोष्ठतेसारखी कारणे पाहून ठरवावे लागते.

तेव्हा रिपोर्ट हातात आल्यावर चार गोष्टी त्यात आहेत का ते पाहा: किती मिलि डाय भरला, मुलाने टेबलावर लघवी केली का, रिफ्लक्स भरताना दिसला की लघवी करताना, आणि प्रत्येक बाजूचा ग्रेड वेगळा दिला आहे का. यातले काही नसेल तर रेडिओलॉजिस्टला विचारा, आणि फिल्म किंवा सीडी जपून ठेवा. पुढच्या तपासणीशी तुलना करायला कागदावरच्या आकड्यापेक्षा तीच उपयोगी पडते.