कुऱ्हाड लाकडात कधी रुतते?

कुऱ्हाड म्हणजे दांड्यावर बसवलेली पोलादी पाचर. लाकडात शिरताना तिची धार तंतू कापते आणि धारेमागचे फुगीर गाल कापलेले लाकूड दोन्ही बाजूंना सारतात. झाड तोडण्याची, ओंडका फोडण्याची आणि निशाणावर फेकण्याची अशा तीन कुऱ्हाडी शेजारी ठेवल्या, तर त्या एकाच घाटाच्या लहानमोठ्या आवृत्त्या वाटतात. पण तिघींकडून असलेली अपेक्षा वेगवेगळी आहे. तोडणारी कुऱ्हाड खोल जाऊन सहज सुटली पाहिजे. फोडणारी मुळातच अडकता कामा नये. फेकलेली कुऱ्हाड मात्र अडकलीच पाहिजे, नाहीतर फेक वाया गेली. पात्याची जाडी, वजनाची वाटणी आणि दांड्याची लांबी यांतले बहुतेक फरक या एका मुद्द्यावरून उलगडतात.

लाकडात शिरलेल्या पात्याला लाकूड दोन्हीकडून दाबते. पाते तिरपे असल्याने या दाबाचा एक हिस्सा त्याला बाहेर ढकलतो, तर पोलाद आणि लाकूड यांच्यातले घर्षण त्याला धरून ठेवते. पाचरेच्या अर्ध्या कोनाचे टॅन हे गुणोत्तर घर्षणांकापेक्षा जास्त असेल, तर पाचर आपोआप बाहेर ढकलली जाते. कमी असेल, तर ती रुतून बसते. घर्षणांक 0.3 धरला तर हा अर्धा कोन साधारण 17 अंश येतो, म्हणजे पूर्ण कोन 34 अंशांच्या जवळपास. यापेक्षा निमुळते पाते अडकते, यापेक्षा रुंद पाचर परत फेकली जाते. ओले लाकूड, डिंक, गंजलेले पाते यांनी घर्षण बदलते आणि ही सीमा थोडी इकडेतिकडे सरकते, पण नियम तोच राहतो.

तोडणारी कुऱ्हाड या सीमेच्या बरीच आत असते. तिला तंतू आडवे कापायचे असतात आणि ते सर्वांत कष्टाचे काम आहे, म्हणून धारेचा कोन 20 ते 25 अंशांवर ठेवतात. दीड किलोचे डोके सेकंदाला 15 मीटर वेगाने आले, तर त्याच्यात सुमारे 170 ज्यूल ऊर्जा असते. चार सेंटीमीटर शिरून ते थांबले, तर धारेवर सरासरी 4,200 न्यूटन बल येते, म्हणजे जवळपास 430 किलो वजनाएवढे. हे बल जाड धारेवर पसरले तर तंतू चेचले जातात. बारीक धारेवर एकवटले तरच ते तुटतात. पण धार फार पातळ केली, तर बाभळीसारख्या कठीण लाकडात, विशेषतः गाठीवर, तिचे तुकडे उडतात किंवा ती मुडपते. कानशीने घासताना कोन ठरवायचा असतो तो या दोन संकटांच्या मधोमध.

आता अडचण अशी की 20 अंशांचे पाते प्रत्येक घावाला रुतणार. यावरचा तोडगा गालांच्या घडणीत आहे. चांगल्या तोडणाऱ्या कुऱ्हाडीचे गाल सपाट नसतात. पात्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांकडे ते पातळ असतात, मध्यभागी हलके फुगतात. त्यामुळे खोल गेलेल्या पात्याचा लाकडाशी संबंध मधल्या अरुंद पट्ट्यापुरताच येतो. पकड कमी होते, दांडा जरासा वरखाली हलवला की पाते सुटते. शिवाय हाच फुगवटा ढलपीला बाहेर लोटतो. वर्षानुवर्षे दगडावर गाल घासून सपाट केलेली कुऱ्हाड कितीही धारदार असली तरी ओल्या लाकडात दर घावाला अडकते. धार शाबूत असूनही कुऱ्हाड अडकू लागली, तर दोष गालांत शोधावा.

घावाचा कोनही महत्त्वाचा. पाते तंतूंना काटकोनात मारले, तर कापलेल्या लाकडाला सरकायला जागाच नसते. म्हणून खाचेची एक बाजू सुमारे 45 अंशांच्या तिरक्या घावांनी पाडतात. तिरका घाव तंतू काही अंशी कापतो आणि काही अंशी उलगडतो. तिरक्या आणि आडव्या घावांच्या आलटापालटीने जाड ढलप्या निघतात. ढलप्यांऐवजी भुसा आणि चोथा निघत असेल, तर धार बोथट आहे किंवा घाव एका जागी पडत नाहीत.

घाव एका जागी पडणे हे वजनाच्या वाटणीवर अवलंबून असते. युरोपातल्या जुन्या कुऱ्हाडींत, तसेच आपल्याकडच्या लोहाराने पट्टी दुमडून घडवलेल्या अनेक कुऱ्हाडींत, जवळजवळ सगळे पोलाद दांड्याच्या पुढे असते. नेढ्यामागे, म्हणजे दांडा बसतो त्या भोकामागे, पातळ कडे तेवढे उरते. डोक्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेबाहेर पडल्याने झोक्यात पाते मनगटाला पिळू पाहते आणि घाव किंचित चुकतो. उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींत अठराव्या शतकात यावर उत्तर तयार झाले. नेढ्यामागे जड, चौकोनी माथा आला आणि पाते आखूड झाले. गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेजवळ आल्याने डोके झोक्यात स्थिर राहू लागले. दुधारी कुऱ्हाडीत हा समतोल सर्वांत पूर्ण असतो, कारण नेढ्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच पोलाद असते. मात्र माथा जड आहे म्हणून त्याने लोखंडी पाचर ठोकू नये; नेढ्याच्या भिंती पातळ असतात, त्या पसरतात आणि डोके सैल होते.

दांडा 70 ते 90 सेंटीमीटरचा असतो. तो लांब केला की त्याच वळणात डोक्याचा वेग वाढतो, पण नेम ढळतो आणि दाट झाडीत कुऱ्हाड फिरवायला जागा पुरत नाही. दांड्याचे लाकूड लवचीक हवे, नाहीतर प्रत्येक घावाचा धक्का कोपरापर्यंत येतो. अमेरिकेत त्यासाठी हिकरी वापरतात, युरोपात अ‍ॅश, तर सह्याद्रीच्या पट्ट्यात धामण.

ओंडका फोडताना सगळेच उलटते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड ताणाला फार मजबूत असते. तंतू एकमेकांपासून आडवे अलग करायला मात्र त्या बळाचा लहानसा अंश पुरतो. फोडणाऱ्या कुऱ्हाडीला म्हणून कापावे फारसे लागत नाही. धार फक्त फटीची सुरुवात करून देते. त्यानंतर गाल फट रुंदावतात, भेग धारेच्या पुढे धावते आणि धार मोकळ्या जागेतून खाली जाते. पाचरेचा कोन इथे 35 ते 40 अंशांपर्यंत नेतात, म्हणजे अडकण्याच्या सीमेपलीकडे. पहिल्या घावात ओंडका दुभंगला नाही, तरी डोके रुतण्याऐवजी उसळून वर येते. तोडणारी कुऱ्हाड याच कामाला लावली, तर ती जाडजूड ओंडक्यात तळापर्यंत घट्ट बसते आणि ती सोडवण्यातच वेळ जातो. रुंद पाचरेने उभे झाड तोडू पाहिले, तर साल चेचते आणि डोके उडून मागे येते, जे धोक्याचे आहे.

फोडणाऱ्या डोक्याचे वजन अडीच ते साडेतीन किलो असते आणि बरेचसे वजन माथ्याकडे, म्हणजे धारेच्या थेट मागे, साठवलेले असते. पण वजन वाढले की ताकद त्याच हिशेबाने वाढते, हा समज बरोबर नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. अडीच किलोचे डोके सेकंदाला 12 मीटरने आले तर 180 ज्यूल, साडेतीन किलोचे 10 मीटरने आले तर 175. दमलेल्या हातात जड डोके मंदावते आणि हिशेब आणखी बिघडतो. बहुतेकांसाठी अडीच किलोच्या आसपासचे, धारेपाशी बारीक आणि लगेच मागे झपकन रुंदावणारे डोके अधिक कामाचे ठरते. फिनलंडच्या हेइक्की कार्ना यांनी वेगळाच मार्ग काढला. त्यांच्या कुऱ्हाडीत वजन मुद्दाम एका बाजूला ठेवलेले आहे. धार थोडी शिरताच डोके त्या बाजूला वळते आणि तरफेसारखे लाकूड उचकटते.

इथे दांडा सरळ आणि लांब, 80 ते 90 सेंटीमीटरचा, ठेवण्यामागे सुरक्षितताही आहे. घाव हुकला तर लांब दांड्याची कुऱ्हाड समोरच्या ठोकळ्यात किंवा जमिनीत जाते; आखूड दांड्याची वळून नडगीकडे येते.

फेकण्याच्या कुऱ्हाडीत पाते पुन्हा निमुळते होते, कारण आता रुतणे हाच हेतू आहे. आजच्या स्पर्धांतली एकहाती कुऱ्हाड सहाशे-सातशे ग्रॅम डोक्याची, 35 ते 40 सेंटीमीटर दांड्याची आणि सुमारे दहा सेंटीमीटर धारेची असते. गाल सपाट, पातळ ठेवतात. फुगीर गाल मऊ फळीतूनही तिला मागे ढकलतात. पण या कुऱ्हाडीची खरी गंमत तिच्या गिरकीत आहे.

हातातून सुटताना कुऱ्हाड हाताच्या वळणाचा फिरण्याचा वेग बरोबर घेऊन जाते. हात ज्या बिंदूभोवती वळतो, तिथपासून कुऱ्हाडीच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर r मानले, तर एका पूर्ण गिरकीत ती 2πr एवढे अंतर कापते. या सूत्रात वेग येतच नाही. जोरात फेकले तर कुऱ्हाड लवकर पोहोचते, पण तेवढीच जास्त वेगाने फिरते, आणि गिरक्या तेवढ्याच राहतात. r अर्धा मीटर असेल तर एका गिरकीला सुमारे 3.1 मीटर लागतात. स्पर्धेत फेकणारा निशाणापासून 12 फुटांवर, म्हणजे 3.66 मीटरवर उभा असतो. पुढे ताणलेल्या हाताची लांबी वजा केली की हेच अंतर उरते. दोन्ही हातांनी फेकायच्या दुधारी कुऱ्हाडीचा दांडा 60 सेंटीमीटरहून लांब असतो, r वाढतो, आणि निशाण 20 फुटांवर, म्हणजे 6.1 मीटरवर ठेवलेले असते.

फेक चुकली तर कारण फळीवरच दिसते. दांड्याचे खालचे टोक आधी आपटले, तर गिरकी अपुरी पडली. अर्धे पाऊल मागे सरकावे. डोक्याचा वरचा भाग आधी आपटला, तर गिरकी जास्त झाली, पुढे यावे. दोन्ही वेळी जोर वाढवून काही साधत नाही. सुटताना मनगट झटकणे मात्र टाळावे, कारण त्याने फिरण्याचा वेग एकटाच वाढतो आणि वरचे सूत्र लागू राहत नाही.