गोधडीचा गोट आणि त्याचे चार कोपरे

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडच्या मुलखात येऊन आधी रतनपुरास आणि पुढे रायपुरास स्थिरावलेल्या मराठी घराण्यांत गोधडी आजही शिवली जाते. परंतु जुन्या सुती लुगड्यांचे थर अंथरून त्यांवर धावदोरा घालण्याच्या कामात ज्या हातांना सहसा कसूर होत नाही, तेच हात कडेचा गोट लावताना कोपऱ्यापाशी अडखळतात, असे पुष्कळदा दिसते. पुष्कळ घरी वरचे कापड मुडपून कड बंद करण्याची सोपी तजवीज केली जाते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपली कवंदी कडेपासून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाच्या त्रिकोणी घड्या बसवतात. कोपऱ्याचा एवढा मान क्वचितच कुठे राखला जात असेल. वेगळी पट्टी यंत्रावर जोडून, तिचा कोपरा पंचेचाळीस अंशांत घडी पाडून आणि मागची बाजू हाताने तुरपून पुरी करण्याची रीत माझ्या मते सर्वांत टिकाऊ आहे, कारण कड विरली म्हणजे गोधडीला हात न लावता केवळ गोट बदलता येतो.

३६ इंच रुंद आणि ४५ इंच लांब असे बाळाचे दुपटे घेऊ. प्रथम त्याचे दोन्ही कर्ण मापावेत. ते सारखे, म्हणजे साडेसत्तावन्न इंचांहून किंचित अधिक, भरले नाहीत, तर कोपरे काटकोनात नाहीत असे समजून कडा आधी सरळ कापून घ्याव्यात. परीघ १६२ इंच, त्यात सांध्यासाठी १२ इंच मिळवून १७४ इंच पट्टी हवी. रायपुरातल्या पंडरीच्या बाजारातून आणलेल्या ४४ इंच पन्ह्याच्या सुती कापडातून किनार वगळून ४२ इंच लांब व पावणेतीन इंच रुंद अशा पाच आडव्या पट्ट्या काढल्या आणि तिरक्या शिवणीने जोडल्या, तर काम भागते. चार मात्र अपुऱ्या पडतात. कड सरळ असल्यामुळे उरेब पट्टीची गरज नाही. ती वळणदार कडेसाठी राखावी. कापड मात्र आधी धुऊन घ्यावे, कारण जुनी लुगडी आटायची तेवढी आटून चुकलेली असतात आणि कोरा गोट पहिल्याच धुण्यात आक्रसून सबंध कडेला चुण्या पाडतो.

पट्टीची रुंदी पावणेतीन इंच का, याचा हिशेब सुतांत चोख बसतो. लांबीत दुमडली की ती अकरा सूत राहते. तिच्या उघड्या कडा दुपट्याच्या दर्शनी कडेशी जुळवून तीन सुतांवर टीप घातली, म्हणजे आठ सूत शिल्लक उरतात: तीन दर्शनी बाजूस, एक जाडीवर, तीन मागे टिपेपर्यंत आणि एक त्या टिपेला झाकण्यासाठी. गोधडी याहून जाड असली, तर वाढलेल्या प्रत्येक सुतासाठी पट्टी दोन सूत अधिक रुंद घ्यावी. एरवी मागची टीप उघडी पडते.

कोपऱ्याचे सारे रहस्य त्याच तीन सुतांत आहे. बाजूच्या मध्यावर सुरुवात करून, पट्टीचे आठ-दहा इंच मोकळे सोडून, टीप कोपऱ्याकडे न्यावी आणि पुढची कड तीन सूत दूर असतानाच दोन-तीन उलटे टाके घालून दोरा तोडावा. मग पट्टी काटकोनात वर वळवावी, म्हणजे पंचेचाळीस अंशांची घडी आपोआप पडते, आणि ती धरून ठेवून पट्टी पुन्हा खाली आणावी. वरची घडी नुकत्याच शिवलेल्या कडेशी तंतोतंत समांतर व लगत आली पाहिजे. तेथूनच नवी टीप सुरू होते. थांबण्याचे अंतर शिवणीच्या अंतराहून कमी झाले, तर घडी टिपेत अडकून कोपरा बोथट होतो; अधिक झाले, तर घडीच्या पायथ्याशी बोटाने चाचपडता येईल असे भोक राहते. दोन्ही दोष पट्टी उलटवून पाहताच कळतात, म्हणून पहिल्या कोपऱ्याची परीक्षा झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये. जुन्या पायमशीनवर वरचा थर पुढे सरकतो, यासाठी कडेजवळ आधी कच्चा टाका घालावा, दाबपट्टीचा दाब किंचित सैल करावा आणि सोळा नंबरची सुई वापरावी.

मागची बाजू यंत्रावर उरकण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो मान्य नाही, कारण पुढून घातलेली टीप मागची घडी पकडीलच अशी हमी नसते आणि एखादा इंच जरी सुटला तरी तेथूनच गोट उकलू लागतो. हाताने तुरपताना गोटाच्याच रंगाचा एकेरी दोरा, हातभर लांबीचा, घ्यावा. गाठ गोटाखाली लपवावी. सुई अस्तराचे दोन धागे आणि आतला थर उचलून घडीच्या काठातून निघावी, पुढच्या कापडापर्यंत मात्र जाऊ नये. इंचाला सात-आठ टाके पुरेत. कोपऱ्याशी पोहोचल्यावर, पुढची घडी ज्या बाजूस कलली असेल तिच्या उलट बाजूस मागची घडी कलेल, अशा क्रमाने कडा दुमडाव्यात; त्यामुळे थर एका जागी न साठता दोन्हीकडे वाटले जातात आणि टोक चपटे बसते. पुढच्या आणि मागच्या तिरक्या घडीवर दोन-तीन बारीक टाके घालून ती बंद करावी. ओले, जड दुपटे टोकाला धरून दोरीवर टाकले जाते, तेव्हा सारा ताण याच टाक्यांवर येतो.