मावशींची ड्युटी संपते तेव्हा

ब्युरोला फोन करून ‘पुढच्या आठवड्यापासून मावशी नकोत’ असं सांगितलं की विषय संपला, असं बऱ्याच घरांना वाटतं. प्रत्यक्षात त्या फोनपासून दोन हिशोब सुरू होतात. एक ब्युरोचा आणि दुसरा मावशींचा. पैसे आपण ब्युरोला देतो, पण आईचे कपडे बदलणारे, रात्री तिला कुशीवर वळवणारे हात मावशींचे असतात. हे दोन हिशोब एकमेकांत मिसळले की शेवटच्या दिवशी कटुता येते, आणि बहुतेक वेळा तिची झळ मावशींनाच लागते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातलं घर. आईला पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आणल्यावर ब्युरोकडून चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या. महिना 27,000 रुपये, बिल महिनाअखेर, सुरुवातीला 10,000 रुपये डिपॉझिट आणि बंद करायचं झाल्यास सात दिवसांची नोटीस. काही महिन्यांत आई आधाराने उठू-बसू लागली, वॉकर धरून संडासापर्यंत जाऊ लागली. आता सून घरी आहे, दिवसा एक मदतनीस पुरेल, असं ठरलं.

नोटीस आधी कोणाला द्यायची? कागदोपत्री ब्युरोलाच, आणि तीही व्हॉट्सॲपवर लिहून, शेवटच्या दिवसाची तारीख घालून. मात्र त्याच दिवशी, शक्य तर फोन करण्याआधी, मावशींना समोर बसवून सांगावं. चोवीस तास राहणाऱ्या मावशींची नुसती ड्युटी जात नाही, डोक्यावरचं छप्परही जातं. त्यांतल्या कितीतरी जणी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या असतात. शहरात त्यांची वेगळी खोली नसते. दुसरी ड्युटी लागेपर्यंत ब्युरोच्या खोलीवर किंवा नातेवाइकांकडे दिवस काढायचे, आणि त्या दिवसांचा पगार नाही. सात दिवस आधी कळलं तर सुपरवायझर पुढची ड्युटी शोधून ठेवू शकतो. आदल्या रात्री कळलं तर त्यांची बॅग भरलेली आणि जायला जागा नाही, अशी गत होते. करारात नोटीस नसली तरी हे सात दिवस द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

आता बिल. 11 तारखेला नोटीस दिली, 18 तारीख शेवटची. मधे मावशी दोन दिवस गावी गेल्या होत्या आणि ब्युरोने बदली पाठवली नव्हती, म्हणजे हजेरी भरते 16 दिवसांची. महिना 30 दिवसांचा धरला तर रोजचे 900 रुपये, एकूण 14,400. लक्ष्मीपूजनाला त्या कामावर होत्या आणि सणाला डबल पगार ठरला होता, म्हणून आणखी 900. झाले 15,300. त्यातून 10,000 चं डिपॉझिट वळतं केलं की द्यायचे राहिले 5,300.

वाद होतो तो भागाकारात. काही ब्युरो महिना 26 दिवसांचा धरतात. तसं केलं तर रोज साधारण 1,038 रुपये पडतो आणि त्याच 16 दिवसांचे 16,600 च्या वर होतात. दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली ते सुरुवातीच्या कागदावर हवं. तिथे नसेल तर आधीच्या एखाद्या अपुऱ्या महिन्याचं बिल काढून बघावं. तेव्हा ज्या दराने पैसे कापले, त्याच दराने आता लावा, असं म्हणायला मग जागा राहते. हजेरीचं कार्डही शेवटच्या दिवशी नव्हे, नोटीस देतानाच मावशींबरोबर बसून ताडून घ्यावं.

दुसरी अडचण उचलीची. मुलीच्या फीसाठी मावशींनी घरच्यांकडून 3,000 रुपये घेतले होते. हे पैसे ब्युरोच्या बिलातून परस्पर वजा करू नयेत, कारण ब्युरोला त्या व्यवहाराची माहितीच नसते. फेडून घ्यायचे असतील तर ब्युरो, मावशी आणि आपण तिघांचं बोलणं व्हावं आणि बिलावर तशी ओळ लिहिली जावी. सोडून द्यायचे असतील तर ‘मावशी, ते पैसे आता परत देऊ नका’ असं स्पष्ट सांगावं. न बोलता राहिलेली उचल त्यांच्या मनावर ओझं होऊन राहते.

बिल चुकतं करायला उशीर करू नये. आपलं शेवटचं पेमेंट आल्याशिवाय मावशींचा त्या महिन्याचा पगार रोखून धरणारे ब्युरो आहेत. ब्युरोशी भांडण असेल तर वादाची रक्कम तेवढी बाजूला ठेवावी आणि बाकीची लगेच भरावी. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्यावेत, ‘पूर्ण हिशोब मिटला, डिपॉझिट वळतं केलं’ असं लिहिलेली पावती घ्यावी. त्याच मावशींना परस्पर कामावर ठेवायचा विचार असेल तर करार पुन्हा वाचावा. ठरावीक काळ तसं करता येणार नाही आणि केल्यास दंड, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते.

या सात दिवसांचा सर्वांत मोठा उपयोग मात्र पैशांत नाही. आईचं जे मावशींना ठाऊक आहे, ते घरच्यांनी शिकून घ्यायचं असतं, तेही बघून नव्हे, करून. खुर्ची आईच्या उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला लावायची. उठवताना लुळा हात ओढायचा नाही, कारण त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि सांधा निखळू शकतो. कमरेच्या पट्ट्याला धरून, तिला पुढे झुकवून उभं करायचं. पातळ चहाने ठसका लागतो म्हणून काय देतात, कसं बसवून भरवतात आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं का होऊ देत नाहीत, हे मावशींना सांगायला लावावं. आंघोळीच्या वेळी माकडहाडाची जागा आणि टाचा बघाव्यात. दाबल्यावरही न फिकटणारा लालपणा दिसला तर ती बेडसोरची सुरुवात असू शकते. तो मावशींच्या देखतच दिसावा, म्हणजे नंतर कोणावर ठपका येत नाही. शेवटचे दोन दिवस सगळं सुनेने करावं आणि मावशींनी शेजारी उभं राहावं.

निरोपाच्या वेळी साडी, मिठाई देतात, ते छानच. पण मावशींना पुढे उपयोगी पडतं ते पत्र. त्यात नुसतं ‘चांगल्या आहेत’ नको. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होत्या, पक्षाघाताच्या पेशंटला उठवणं, भरवणं, डायपर, रात्रीची जाग हे सगळं त्यांनी केलं, इतक्या महिन्यांत पाठीला एकही जखम झाली नाही, असं लिहून खाली सही करावी. पेशंटचं नाव-पत्ता देण्याची गरज नाही. त्याची एक प्रत ब्युरोलाही पाठवावी. अनुभव लिहिलेला असला की सुपरवायझरला बऱ्या दराच्या ड्युटीवर त्यांचं नाव सुचवता येतं. बक्षिसी द्यायची तर ती मावशींच्या हातात किंवा त्यांच्याच खात्यावर, बिलापासून वेगळी. ब्युरोमार्फत दिलेली पोचेलच असं नाही.

निघताना त्यांची बॅग तपासणारी घरं आहेत. महिनोन्‌महिने ज्यांच्या भरवशावर आई सोपवली, त्यांच्याशी असं वागू नये. किल्ली, औषधांची वही, सोसायटीचा पास परत घ्यावा, गेटवरच्या नोंदीतून नाव काढावं आणि रिक्षापर्यंत सोडायला घरातलं कोणीतरी जावं.

ड्युटी कधी कधी पेशंट गेल्यामुळे संपते. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि मावशी कधी निघून गेल्या, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. बिल बहुधा त्या दिवसापर्यंतचंच येतं. ते चुकतं करायला तेराव्याची वाट पाहू नये. घरातल्या एका माणसाकडे हे काम आधीच सोपवलेलं असावं आणि मावशींचा स्वतःचा नंबर त्याच्याजवळ असावा. ब्युरोचे पैसे तो पाठवेल. मावशींना मात्र त्याने फोन करावा, दिवसांना बोलवावं. शेवटच्या रात्री आईजवळ त्याच होत्या, आणि आई काय बोलली, पाणी कधी प्यायली, हे घरच्यांना त्यांच्याकडूनच कळणार असतं.