खिडकीवर नजर ठेवा

चित्रपट रसग्रहणाच्या वर्गात हमखास दिला जाणारा गृहपाठ म्हणजे चित्रपटाच्या सुरुवातीच्या प्रसंगाचं शॉटगणिक विश्लेषण. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'ची (1941) सुरुवात त्यासाठी उत्तम. पहिल्या पाटीपासून केनच्या मृत्यूपर्यंतचा भाग जेमतेम काही मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद म्हणाल तर एकच शब्द.

आधी तो आवाज बंद करून पाहा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. त्यानंतर थांबत थांबत तक्ता भरा: शॉटचा क्रमांक, लांबी, फ्रेममध्ये काय आहे, कॅमेरा कसा हलतो, आवाज कोणता आणि पुढचा शॉट कसा जोडला आहे. इथे बहुतेक शॉट कटने तुटत नाहीत, डिझॉल्व्हने एकमेकांत विरघळतात. मग मोजायचं कसं? आधीचं चित्र पूर्ण पुसलं गेलं की नवा क्रमांक द्यायचा, आणि हा नियम शेवटपर्यंत पाळायचा.

सुरुवातीला कुंपणावर 'नो ट्रेसपासिंग'ची पाटी दिसते. कॅमेरा जाळीवरून वर चढतो. फाटकावर 'के' हे अक्षर, मागे टेकडीवर महाल आणि त्यात उजळलेली एकच खिडकी. पुढे माकडांचा पिंजरा, पाण्यातल्या होड्या, ओसाड गोल्फचं मैदान अशी दृश्यं येतात. तक्त्यात प्रत्येक वेळी खिडकीची जागा नोंदवा. दृश्य बदलतं, पण खिडकी फ्रेममध्ये जवळपास त्याच ठिकाणी राहते, अगदी पाण्यातल्या प्रतिबिंबातसुद्धा. त्यामुळे सगळं विखुरलेलं असूनही आपण एकाच दिशेने ओढले जातो. नुसतं पाहताना हे सहसा निसटतं. रकाना भरताना लक्षात येतं.

खिडकी अगदी जवळ आली की दिवा विझतो आणि बर्नार्ड हरमनचं संगीतही थांबतं. उजेड परततो तेव्हा आपण आत असतो. मग बर्फ, बर्फातलं घर, आणि कॅमेरा झटकन मागे आल्यावर कळतं की ते हातातल्या काचेच्या गोळ्यात आहे. ओठांचा भलामोठा क्लोजअप: 'रोझबड'. गोळा पायऱ्यांवरून घरंगळत फुटतो आणि काचेच्या तुकड्यात, वाकड्यातिकड्या आकारात, नर्स आत येताना दिसते.

विद्यार्थ्यांची गफलत इथेच होते. 'शब्द उच्चारला तेव्हा खोलीत कुणीही नव्हतं,' असं ते लिहून मोकळे होतात. फ्रेममध्ये दुसरं कुणी दिसत नाही, एवढंच खरं. चित्रपटाच्या शेवटाकडे केनचा बटलर रेमंड आपण तो शब्द ऐकल्याचं सांगतो. म्हणून तक्त्यात 'नाही' न लिहिता 'दिसत नाही' असं लिहावं. अर्थ लावायचा तो तक्ता पूर्ण झाल्यावर, वेगळ्या परिच्छेदात, आणि प्रत्येक विधानापुढे शॉटचा क्रमांक टाकून. ज्या विधानाला क्रमांक सापडत नाही, ते खोडून टाकावं.